एकाच चरावरून स्प्लेंडर "धप्" आणि स्कूटर "खाड्" का?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चर आहे. पाण्याच्या लाइनसाठी रस्ता आडवा खणला होता, नंतर माती लोटून वर थोडं डांबर फासलं आणि पहिल्याच पावसात ते सगळं खाली बसलं. चराची रुंदी एक फूट, म्हणजे ३० सेंटीमीटर. टेप लावून मोजलीये, हसू नका. घरात एक स्प्लेंडर आहे आणि एक स्कूटर, दोन्ही रोज ह्याच चरावरून जातात, आणि स्प्लेंडरवर "धप्" असा आवाज येतो तर स्कूटरवर "खाड्", आणि मग डिकीत ठेवलेला पाना, छत्री, रेनकोट सगळे एकदा उडून परत जागेवर बसतात.

भाचा म्हणाला, "मामा, स्कूटर आखूड आणि हलकी असते ना, म्हणून." मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं, नव्हे सगळ्यांनाच वाटतं. पण आकडे काढून बघितले तर गंमत आहे. ॲक्टिव्हा ६जी घ्या, दोन चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस १२६० मिलिमीटर. स्प्लेंडर प्लसचा १२३६. म्हणजे स्कूटरच दोन सेंटीमीटरने लांब! वजन बघा, ॲक्टिव्हा १०७ किलोच्या आसपास आणि स्प्लेंडर ११२ च्या. दोन माणसं जेवून उठली तरी एवढा फरक पडतो. मग आखूड-हलकी हे कारण गेलं कचऱ्यात. फरक आहे तो चाकाच्या मापात, इंजिन कुठे लटकवलंय त्यात, आणि आपण कुठे बसतो त्यात.

आधी चाक बघू. स्कूटरचं मागचं टायर बऱ्याचदा ९०/१००-१० मापाचं असतं, म्हणजे रिम १० इंची आणि टायरसकट सगळ्या चाकाची उंची साधारण ४३ सेंटीमीटर, त्रिज्या पावणेबावीस. स्प्लेंडरचं ८०/१००-१८ म्हणजे उंची साधारण ६२, त्रिज्या ३१ च्या जवळ. आता आमचा तो ३० सेंटीमीटरचा चर घ्या आणि गाडी अगदी हळू, ढकलत नेताय असं समजा. चाक गोल असल्यामुळे ते चराच्या दोन्ही काठांना टेकेपर्यंत खाली जातं, त्यापुढे जाऊ शकत नाही, मग चर कितीही खोल असो. शाळेतलं पायथागोरस लावलं की उत्तर येतं: स्कूटरचं चाक ६ सेंटीमीटर खाली जातं, स्प्लेंडरचं जेमतेम ४. लहान मुलाचा पाय ज्या फटीत अडकतो त्यावरून मोठ्या माणसाचा पाय सरळ जातो, तसंच.

पण खोलीपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो पलीकडचा काठ. चाक खाली गेलं की त्याला वर यायचंय, आणि वर येताना ते समोरच्या काठाला कुठे टेकतं त्यावर दणका कोणत्या दिशेने बसणार ते ठरतं. स्प्लेंडरचं चाक काठाला असं टेकतं की धक्का बराचसा वर आणि थोडा मागे असतो, उभ्या रेषेपासून साधारण २९ अंश. स्कूटरच्या चाकाला तोच काठ ४४ अंशात भेटतो. ४४ अंश म्हणजे जवळपास अर्धा काटकोन, म्हणजे चाकाला जेवढं वर ढकललं जातं जवळजवळ तेवढंच मागेही ढकललं जातं. स्प्लेंडरला मागे बसणारा धक्का वरच्या धक्क्याच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त. आता शॉकअप काय करतो, तर चाकाला वरखाली जायला जागा देतो. मागे जायला तो जागा देत नाही! म्हणजे छोट्या चाकाला बसणारा निम्मा धक्का असा आहे की जो शॉकअपच्या खात्यातच येत नाही, तो सरळ गाडीच्या सांगाड्याला लागतो. तो "खाड्" आवाज त्याचा. (पुढचा टेलिस्कोपिक फोर्क तिरका असतो म्हणून तो मागे ढकलणारा धक्का थोडा तरी गिळतो, मागच्या चाकाला ती सोय नाही.)

इथे लोक म्हणतात की मग जोरात काढायची, चाकाला खाली जायला वेळच मिळत नाही. ह्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, मग ३० सेंटीमीटरचा चर सेकंदाच्या तेहतिसाव्या भागात पार. तेवढ्या वेळात नुसती एखादी वस्तू खाली सोडली तर ती अर्धा सेंटीमीटरही पडत नाही. पण चाक नुसतं पडत नसतं, वरून स्प्रिंग त्याला दाबत असते, त्यामुळे ते त्याच्यापेक्षा बरंच जास्त खाली जातं. तरी पूर्ण ६ सेंटीमीटर जात नाही हे खरं, म्हणून आखूड खड्डा जोरात गेल्यावर खरंच कमी जाणवतो. घोटाळा होतो तो लांब खड्ड्यात. दीड-दोन फुटांचा खड्डा असेल तर चाकाला वेळ मिळतो, ते खाली जातं, आणि मग पलीकडचा काठ त्याच वेगाने अंगावर येतो, तेव्हा रिमची कड वाकते, ट्यूबलेस टायर असेल तर तिथूनच हळूहळू हवा जायला लागते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची लांबी कळते, पण खोली आणि काठ कसा आहे ते कळत नाही, त्यामुळे "जोरात काढ" हा सल्ला पावसाळ्यात तरी मी कोणाला देणार नाही.

आता मागची बाजू, जिथे खरी मजा आहे. स्प्लेंडरचं इंजिन चॅसिसला बोल्टने पक्कं बसवलेलं असतं. मागे स्विंगआर्म, म्हणजे चाक धरून वरखाली हलणारा दांडा, त्यात चाक, आणि मध्ये चेन. खड्ड्यात चाक वरखाली होतं तेव्हा हलतं काय, तर चाक, ड्रम, स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा थोडा भाग आणि चेनचा थोडा. स्कूटरला स्विंगआर्म म्हणून वेगळं काही नसतंच. इंजिन, त्याच्या डाव्या बाजूला लांबलचक बेल्टचं कव्हर, त्यात पुढे व्हेरिएटर म्हणजे बेल्टची पुढची पुली, मागे क्लच, त्यामागे गिअर आणि मग चाक, हे सगळं मिळून एकच तुकडा आहे आणि हा अख्खा तुकडाच स्विंगआर्म आहे. तो पुढे एका हँगरला लटकतो आणि मागे शॉकअपला टेकतो. सेंटर स्टँडवर लावून मागचं चाक हाताने वर उचलून बघा, सायलेन्सरसकट सगळं इंजिन हलताना दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलंय.

असं का केलं? कारण बेल्टला पुढची आणि मागची पुली यांच्यातलं अंतर कायम लागतं. इंजिन चॅसिसला आणि मागची पुली चाकाबरोबर वरखाली, असं केलं तर अंतर बदलत राहणार. म्हणून सगळंच एकत्र हलवा. स्वस्त पडतं, जागा कमी लागते, सीटखाली डिकी निघते, पाय ठेवायला सपाट फ्लोअर मिळतो. भाजीची पिशवी आणि सिलिंडर नेता येतो तो ह्याच कारणामुळे. ज्यांना हे नको होतं त्यांनी वेगळा रस्ता काढलाय, २००१ साली आलेल्या यामाहा टीमॅक्सचं इंजिन चॅसिसला पक्कं आहे आणि स्विंगआर्म वेगळा, पण ती गाडी आणि तिची किंमत आपल्या गल्लीतली नाही.

किंमत आपण मोजतो ती खड्ड्यात. स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं जास्त, तितकं त्याला पटकन वर उचलणं आणि पटकन खाली बसवणं अवघड. काठाला लागून वर उडालेलं जड चाक स्प्रिंग जोरात दाबतं, तो जोर सीटला येतो, आणि नंतर ते परत रस्त्याला टेकायलाही वेळ लावतं. इथे एक बारीक गोष्ट सांगतो, सगळं इंजिन त्या वजनात धरायचं नसतं. दाराच्या कडीला पिशवी लटकवली तर दार हलवायला जड जातं, तीच पिशवी बिजागरीजवळ लटकवली तर फारसं जाणवत नाही. स्कूटरचा सिलिंडर आणि क्रँक हँगरच्या जवळ असतात, बिजागरीजवळ, म्हणून त्यांचा भार थोडाच मोजायचा, पण क्लच, गिअर, ब्रेक हे चाकापाशीच आहेत, ते जवळजवळ पूर्ण मोजायचे. एवढं करूनही बाइकपेक्षा बरंच जास्त भरतं. इलेक्ट्रिकमध्ये मोटर चाकाच्या आतच असेल तर तिचं सगळं वजन कडीपाशी आलं, ते लक्षात ठेवून टेस्ट राइड घ्या, आणि राइड गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका.

त्यात स्प्रिंगचीही कुचंबणा आहे. स्कूटरवर आपण आणि मागे बसलेला, दोघंही मागच्या चाकाकडे सरकून बसतो, मागचा तर जवळपास चाकाच्या डोक्यावरच. म्हणजे एकट्याने चालवताना मागच्या शॉकअपवर जो भार असतो तो डबलसीट झाल्यावर भसकन वाढतो. कंपनीला दोन्हीसाठी एकच स्प्रिंग द्यायची असते आणि चाकाला वर जायला जागा थोडी, कारण वर डिकी आहे. मऊ दिली तर डबलसीटला शॉकअप पूर्ण दाबून आतल्या रबरावर आपटणार. म्हणून कडक देतात, आणि मग एकटा जाणारा सडपातळ माणूस त्या स्प्रिंगला दाबूच शकत नाही, त्याच्यासाठी शॉकअप म्हणजे जवळजवळ लोखंडी दांडा. आता बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगखाली तीन पायऱ्यांची रिंग असते, पण मी विचारलेल्या दहा जणांपैकी एकाने तरी ती कधी फिरवली असेल तर शपथ. एकटे फिरत असाल तर सगळ्यात सैल पायरीवर ठेवा. त्याने स्प्रिंग मऊ होत नाही, गाडी थोडी खाली बसते इतकंच, पण चर आल्यावर चाकाला खाली जायला थोडी जागा मिळते.

आणि बसायची जागा. स्प्लेंडरवर आपण दोन चाकांच्या साधारण मध्ये बसतो, त्यामुळे मागचं चाक चार सेंटीमीटर उचललं गेलं तर आपण दोन-अडीच उचललो जातो, झोपाळ्याच्या फळीवर मध्ये बसल्यासारखं. शिवाय पाय फूटरेस्टवर, गुडघे टाकीला, थोडं उठलं की मांड्याच शॉकअप होतात. स्कूटरवर पाय पुढे, खुर्चीवर बसल्यासारखे, सगळं वजन बुडावर, आणि उठून उभं राहायचं म्हटलं तर कोपरं आणि हँडलची ओढाताण. त्यामुळे कंबरदुखीवाल्यांना डॉक्टर स्कूटर बंद करा म्हणतात तेव्हा ते निव्वळ शॉकअपबद्दल बोलत नसतात.

आता स्थिरता. बाइकवर एक हात सोडून माणूस निवांत जातो, स्कूटरवर हात सोडला की हँडल थरथरायला लागतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. ह्याचं कारण विचारलं की लगेच उत्तर येतं, "मोठं चाक भोवऱ्यासारखं फिरतं म्हणून उभं राहतं." भोवऱ्याचा परिणाम असतो, मोठ्या आणि जड चाकाला जास्त असतो, हेही खरं. पण तेवढंच कारण नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल इथल्या लोकांनी एक विचित्र सायकल बनवली, तिच्यात उलट फिरणारी चाकं लावून भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला होता, तरी ती ढकलून सोडली की स्वतःची स्वतः सरळ जायची. म्हणजे वजन कुठे ठेवलंय ह्यालाही तितकाच अर्थ आहे.

रोजच्या गाडीत सगळ्यात जाणवणारी गोष्ट म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीचं चाक बघा, ते ज्या दांड्याभोवती फिरतं त्याच्या थोडं मागे जमिनीला टेकतं, म्हणून खुर्ची ढकलली की चाक आपोआप मागे येऊन सरळ होतं. गाडीच्या हँडलची नळी तशीच सरळ रेषेत जमिनीपर्यंत वाढवली तर ती रेषा टायर जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. हे मधलं अंतर ट्रेल. तेच हँडलला सरळ ओढत राहतं. नळीचा तिरकेपणा तेवढाच ठेवून चाक लहान केलं की ट्रेल कमी होतं, कंपनी फोर्कची रचना बदलून थोडं भरून काढते, पण सगळं नाही, आणि तसं हवंही असतं, कारण कमी ट्रेलमुळेच स्कूटर गर्दीत बोटाने वळते. आता तोच चर आठवा. पुढचं चाक पलीकडच्या काठाला लागतं तेव्हा टेकायची जागा खाली नसते, १५ सेंटीमीटर पुढे असते, म्हणजे नळीच्या रेषेच्याही पुढे. त्या क्षणापुरती खुर्चीच्या चाकाची गंमत उलटी झाली. जी गोष्ट हँडल सरळ ठेवत होती तीच आता ते पिळायला बघते. हे बाइकलाही होतं, पण तिथे मागे ढकलणारा धक्का निम्मा आहे. म्हणून स्कूटरवर हँडल वळवलेलं असताना किंवा काठ तिरका लागला तर झटका हातात येतो. डांबरी रस्त्याची कड सुटून बाजूच्या मातीवर उतरलात आणि परत वर यायचंय, तर काठाला समांतर घासत येऊ नका, छोटं चाक काठावर चढतच नाही, घसरत राहतं. वेग कमी करा आणि जमेल तेवढं आडवं, काठाला काटकोनात घ्या.

शिवाय स्कूटरचं पुढचं चाक मुळात हलकं. इंजिन मागे, माणसं मागे, त्यात डबलसीट झालं की आणखी. हलकं चाक दणका बसला की जमीन सोडतं, आणि जमीन सोडलेल्या चाकाने ना वळता येतं ना थांबता. एका गृहस्थांचं निरीक्षण मला पटलं, ते पुढे फ्लोअरवर पिठाचा डबा असला की गाडी चरावरून छान जाते म्हणायचे. पुढच्या चाकावर वजन आलं, एवढंच ते. डबा बांधलेला नसतो हा भाग वेगळा.

आता बिघाड. मागे ढकलणारा जो धक्का शॉकअप घेत नाही तो जातो कुठे? हँगरच्या बुशमध्ये. इंजिनाची थरथर सीटला येऊ नये म्हणून इंजिन चॅसिसला रबरी बुशांवर लटकवलेलं असतं, म्हणजे मागचं चाक आणि चॅसिस यांच्यामध्ये थोडं रबर आहेच, नव्या गाडीतही. रोज चर खाऊन ते रबर फाटतं किंवा चेपतं, आणि मग मागचं चाक आपल्या मर्जीने किंचित वळतं. भाच्याच्या स्कूटरला हेच झालं होतं. तो सांगायचा, "मामा, वळणावर खड्डा आला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी लचकते." एकाने टायर बदलायला सांगितलं, बदललं. दुसऱ्याने शॉकअप, तोही बदलला. तरी लचकतेच.

मग आमचे नेहमीचे गॅरेजवाले अण्णा, त्यांनी गाडी सेंटर स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे ढकललं आणि मला म्हणाले, "चाकाकडं नका बघू, हँगरकडं बघा." इंजिन हलत होतं तसं हँगरपाशी टकटक ऐकू येत होती. थोडं रबरी लवचिक हलणं चालतं, पण मोकळी टकटक आली की बुश गेला. तसं नसतं आणि फक्त चाकच हललं असतं तर दोष बेअरिंगचा. शॉकअप बघायचा तर मागचं सीट जोरात दाबून सोडा, गाडी वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा नाचली तर आतलं तेल गेलं, दांड्यावर तेलाचा ओला डाग दिसतोच. पुढे कोनसेट, म्हणजे हँडलच्या नळीतलं बेअरिंग. एकाला मागे बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल दोन बोटांनी हळू फिरवा. अगदी मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर समजा की सरळ जाताना बसलेल्या दणक्यांनी गोळ्यांनी वाटीत खळगे पाडलेत, आणि हात सोडल्यावर थरथरतं त्याचं एक मोठं कारण हेच.

अण्णांनी शेवटी हवा बघितली तर पुढच्या चाकात ४० निघाली. पंपावरचा पोरगा दोन्हीकडे सारखीच मारतो. छोट्या स्कूटरना पुढे बहुतेक २२-२५ च्या आसपास लागते, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६ पर्यंत, आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. छोट्या चाकाचं टायर हाच त्याचा पहिला शॉकअप आहे, तो दगडासारखा फुगवला की उरलं काय.

चर ओलांडायचा तर ब्रेक आधी मारा आणि चाक काठावर पोचायच्या आत सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना पुढचा फोर्क आधीच निम्मा बसलेला असतो, दणका घ्यायला त्याच्याकडे जागाच उरत नाही. आणि २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान कॉम्बी ब्रेक तरी असतोच, त्यात स्कूटरवर मागचा म्हणून दाबलेला डावा लिव्हर पुढचा ब्रेकही थोडा लावतो, त्यामुळे "मी तर फक्त मागचा दाबला" हे आता चालत नाही.

भाच्याचे बुश बदलले, पुढची हवा कमी केली. परवा चरावरून गेला आणि पलीकडे थांबून म्हणाला, "मामा, आवाज बदलला." आवाज "खाड्"वरून "ठप्"वर आलाय. "धप्" काही होणार नाही, चाक दहाच इंची आहे.